गाल्वाच्या हस्तलिखितातला मसावि

मागल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सध्या तो एका विद्यापीठात गणितात संशोधन करतो आहे. चहा होईपर्यंत इकडचे-तिकडचे बोलणे झाले आणि मग त्याने पिशवीतून सतरा पानांचे एक टिपण काढले. पाने दोन्ही बाजूंनी भरलेली होती. कुठे बाण काढलेले, कुठे 'वर म्हटल्याप्रमाणे', कुठे 'हे उघड आहे'. तो म्हणाला, "सर, सगळं बरोबर आहे. पण आमचे गाईड म्हणतात, हे वाचता येत नाही. व्याख्या, लेमा, प्रमेय, सिद्धता अशा क्रमानं लिहून आण म्हणाले. बरोबर असलेलं पुन्हा कशाला लिहायचं?"

त्याच्या विषयातले मला फारसे कळत नाही. माझे एम.ए. होऊन आता तीस वर्षे होत आली. पण त्याच्या शेवटच्या प्रश्नाला एक जुने, कागदोपत्री उपलब्ध असलेले उत्तर आहे. ते त्याला सांगितले, तेच येथे थोडे सविस्तर लिहितो.

लेमा म्हणजे साहाय्यक प्रमेय. मुख्य प्रमेय सिद्ध करताना मध्ये लागणारी एखादी गोष्ट आधीच वेगळी सिद्ध करून ठेवतात, ती लेमा. शाळेच्या भूमितीत हा शब्द येत नाही, पण शिस्त तीच असते. आमच्याकडे मराठी माध्यमाच्या वर्गात फळ्यावर 'पक्ष' आणि 'साध्य' असे लिहिले जाते, भिंतीपलीकडच्या कन्नड माध्यमाच्या वर्गात 'दत्त' आणि 'साधनीय'. शब्द निरनिराळे, पण दोन्ही वर्गांतल्या मुलांची चूक एकच असते. जे सिद्ध करायचे तेच मधल्या एखाद्या ओळीत ती गृहीत धरून बसतात.

आता गोष्टीकडे वळतो. एव्हारिस्त गाल्वा हा फ्रेंच तरुण १८११ साली जन्मला आणि १८३२ साली, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्याआधीच, द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मेला. त्याच्या राजकारणाच्या, तुरुंगवासाच्या आणि द्वंद्वाच्या कथा पुष्कळांनी रंगवून लिहिल्या आहेत. त्यात मी जाणार नाही. मला रस आहे तो त्याच्या एका निबंधात. कोणत्या समीकरणाची मुळे वर्गमूळ, घनमूळ अशा चिन्हांनी लिहिता येतात आणि कोणत्या समीकरणाची येत नाहीत, याचा निकाल लावणारा तो निबंध. पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे त्याने १८२९ मध्ये या विषयावरचे पहिले लेखन पाठवले. १८३० मध्ये दुसरे पाठवले, ते ज्यांच्याकडे गेले होते ते फूरिए त्याच वर्षी मे महिन्यात वारले आणि निबंध हरवला. जानेवारी १८३१ मध्ये त्याने तिसऱ्यांदा लिहून दिले. तपासायला नेमले होते प्वासाँ आणि लाक्रुआ या दोघांना.

जुलै १८३१ मध्ये त्यांचा अहवाल आला. युक्तिवाद पुरेसा स्पष्ट नाही, पुरेसा विस्ताराने मांडलेला नाही, त्यामुळे तो काटेकोर आहे की नाही हे आम्हांला ठरवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. चूक आहे असे त्यांनी म्हटले नाही. लेखकाने आपले सगळे काम एकत्र प्रसिद्ध करावे, मग निश्चित मत देता येईल, असेही सुचवले.

प्वासाँला खलनायक ठरवण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याने निबंध वाचला होता, आणि लक्ष देऊन वाचला होता, याचा पुरावा हस्तलिखितावरच आहे. तिसऱ्या लेमाजवळ त्याने टीप लिहिली की ही सिद्धता पुरेशी नाही, पण विधान खरे आहे, कारण लाग्रांजच्या बर्लिनच्या प्रबंधातील शंभराव्या कलमावरून ते निघते. गाल्वाने ती टीप खोडली नाही. तिच्याखाली आपली टीप जोडली: ही सिद्धता आपण १८३० मध्ये दिलेल्या निबंधातून जशीच्या तशी उतरवली आहे, प्वासाँसाहेबांचा शेरा ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून राहू देत आहोत, निवाडा वाचकांनी करावा. तर आपणही निवाडा करून पाहू. शाळेतल्या गणितापलीकडचे त्यात फारसे काही लागत नाही.

गाल्वाचा निबंध विस्कळीत होता असा समज आहे, तो खरा नाही. सांगाडा व्यवस्थित होता. सुरुवातीला तत्त्वे, म्हणजे व्याख्या, मग चार लेमा, मग प्रमेये. पहिला लेमा असा. एखादे समीकरण तुकडे न पडणारे असेल आणि त्याचे एक जरी मूळ दुसऱ्या समीकरणात सापडले, तर पहिले समीकरण दुसऱ्याला निःशेष भागते. दुसऱ्या लेमात तो सर्व मुळांना निरनिराळ्या पूर्णांकांनी गुणून त्यांची बेरीज करतो आणि तिला V म्हणतो. हे पूर्णांक असे निवडता येतात की मुळांची अदलाबदल केली की प्रत्येक वेळी V ची किंमत वेगळी येते. तिसरा लेमा, ज्यावर प्वासाँ अडला, तो म्हणतो की असा V एकदा निवडला की प्रत्येक मूळ त्या एकट्या V वरून बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढ्यांनीच परत मिळवता येते.

शेवटचे विधान ऐकायला जादूसारखे वाटते. दोन-तीन धान्ये एकत्र दळून पीठ केले आणि मग त्या पिठातून मूळचा गहू वेगळा काढला, असा प्रकार. म्हणून ते आकड्यांत करून पाहू. गाल्वा एकाच समीकरणाची सर्व मुळे घेतो. मी शाळेपुरते सोपे करून दोन समीकरणांतले एकेक मूळ घेतो. युक्ती तीच आहे.

एक समीकरण x² − 2 = 0 आणि दुसरे x² − 3 = 0. पहिल्याचे मूळ √2, दुसऱ्याचे √3. आता V = √2 + √3 असे घेऊ. आपल्याजवळ फक्त V आहे, त्यातून √2 काढायचा आहे. V मधून √2 वजा केला तर √3 उरतो आणि त्याचा वर्ग 3. म्हणजे x च्या जागी √2 ठेवला तर (V − x)² − 3 = 0 हे समीकरण खरे ठरते. कंस सोडवला की ते असे दिसते:

x² − 2Vx + V² − 3 = 0

√2 हे या समीकरणाचे मूळ आहे आणि x² − 2 = 0 याचेही आहे. दोन्हींत सामाईक असलेले मूळ शोधायचे म्हणजे वजाबाकी करायची. पहिल्यातून दुसरे वजा केले की x² जातो आणि उरते

−2Vx + V² − 1 = 0, म्हणजे x = (V² − 1) / 2V

ज्याला खात्री करायची असेल त्याने V साठी सुमारे 3.146 घ्यावे. V² सुमारे 9.899 येतो, त्यातून एक वजा केला की 8.899, त्याला 6.292 ने भागले की 1.414 येतो. √2 परत मिळाला, आणि वाटेत कुठेही वर्गमूळ काढावे लागले नाही. √3 हवा असेल तर V मधून हा वजा करावा.

गाल्वाची सिद्धता हीच आहे, फक्त अक्षरांत. एक मूळ बाजूला ठेवून बाकीच्यांची अदलाबदल करतो, त्यावरून V आणि ते मूळ यांना बांधणारे समीकरण बनवतो, आणि म्हणतो की या समीकरणाचे व मूळ समीकरणाचे सामाईक उत्तर शोधले की काम झाले. ते सामाईक उत्तर एकच असते, कारण दोन असती तर V च्या दोन किमती सारख्या झाल्या असत्या आणि दुसऱ्या लेमाने ते होऊ दिलेले नाही. 'म्हणून ते मूळ V वरून मिळते', असे सांगून तो थांबतो.

हा 'म्हणून' कशाच्या बळावर आला? सामाईक उत्तर एकच आहे, एवढ्यावरून ते चार क्रियांनी मिळते असे का मानायचे? माझ्या उदाहरणात x² आपोआप गेला आणि साधे एकघाती समीकरण उरले. पण पाचव्या-सहाव्या घाताची समीकरणे असली तर? येथे खरे काम करणारी गोष्ट म्हणजे मसावि, महत्तम साधारण विभाजक, जो आपण आकड्यांचा काढतो. बहुपदींचाही तसाच निघतो: मोठीला लहानीने भागायचे, बाकी उरेल तिने लहानीला भागायचे, असे करीत जायचे. ह्या भागाकारांत चार क्रियांखेरीज काही नसते. शेवटी जो मसावि मिळतो त्याची मुळे म्हणजे नेमकी सामाईक मुळे. सामाईक मूळ एकच असेल, आणि ते पुन्हा पुन्हा आलेले नसेल, तर मसावि एकघाती असतो, आणि एकघाती समीकरणाचे उत्तर भागाकाराने मिळते. हे सांगितले की तिसरा लेमा पुरा होतो. नाही सांगितले तर वाचकाला ते स्वतः आठवावे लागते.

गंमत अशी की मसावि हा शब्द गाल्वाच्या निबंधात आहे, पण पहिल्या लेमाच्या सिद्धतेत. तेथे त्याने एका ओळीत लिहिले की दोन समीकरणांचा मसावि परिमेयच राहतो, आणि पुढे 'म्हणून' लिहून 'इत्यादी' करून सोडून दिले. तिसऱ्या लेमात तो शब्द येतच नाही. एकच वीट दोन भिंतींत लागली होती. एका भिंतीत ती अर्धवट दिसते, दुसरीत दिसतच नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी येथे थांबवले आणि विचारले, "ही वीट तू कुठं ठेवशील?" तो म्हणाला, "पहिल्या लेमाच्या आधी. शून्यावा लेमा म्हणून." बरोबर. पण कोणत्या शब्दांत? येथेच बहुतेक जण घसरतात. पहिल्या लेमात ज्या संख्यांमध्ये राहायचे आहे त्या आपल्या नेहमीच्या परिमेय संख्या आहेत. तिसऱ्या लेमात मात्र V ही संख्यासुद्धा माहीत असलेल्यांत धरलेली आहे, नाहीतर उत्तरात V आला कसा? तेव्हा शून्यावा लेमा 'परिमेय संख्यांसाठी' असा लिहिला तर तो तिसऱ्या ठिकाणी लागू पडत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावा लागतो. तो असा लिहावा लागतो: ज्या संख्या आपण माहीत आहेत असे धरले आणि त्यांच्यापासून चार क्रियांनी ज्या मिळतात, त्या सर्वांना आपल्या म्हणू, आणि ज्यांचे सहगुणक आपले अशा दोन बहुपदींच्या मसाविचेही सहगुणक आपलेच असतात.

त्यासाठी आधी 'आपल्या संख्या' याची व्याख्या हवी. ती गाल्वाने दिली होती, अगदी पहिल्या पानांवर. काही राशी माहीत आहेत असे धरून त्यांच्यापासून मिळणाऱ्या सर्व राशींना परिमेय म्हणावे, आणि नवी राशी मान्य केली की तिला समीकरणाला 'जोडली' असे म्हणावे, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. पुढे ज्याला गणिती 'क्षेत्र' म्हणू लागले ते याच कल्पनेतून. म्हणजे व्याख्या होती आणि गरजही होती. त्या दोघांना जोडणारे एक वाक्य तेवढे लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या लेमातली अटही नुसती शोभेची नाही. ती सोडली तर काय होते, हे पाहायला √2 आणि √8 घ्या. √8 म्हणजे 2√2. कोणी निष्काळजीपणे V = 2√2 − √8 निवडला तर V शून्य होतो. चिन्हे दोन्हींची बदलली तरीही शून्यच, म्हणजे दोन किमती सारख्या आल्या. आता वरचीच रीत लावा. (2x − V)² − 8 = 0 हे समीकरण V शून्य असताना 4x² − 8 = 0 होते, म्हणजे x² − 2 च्याच चौपट. √2 सामाईक आणि −√2 ही सामाईक. भागाकार पहिल्याच पायरीला शून्य बाकी देतो आणि हाती एकघाती काही येत नाही. तेच V = √2 + √8 घेतला असता तर चार चिन्हांच्या चारही किमती वेगळ्या येतात आणि रीत बिनबोभाट चालते, x = (V² − 6) / 2V. सिद्धता तपासताना मी मुलांना हेच सांगतो. प्रत्येक अटीखाली बोट ठेवा आणि ती कोणत्या ओळीत वापरली ते दाखवा. दाखवता आली नाही तर एक तर अट फालतू आहे, नाहीतर सिद्धतेत भोक आहे.

मग मी त्याला कागदावर बाण काढायला लावले. शून्याव्या लेमापासून एक बाण पहिल्याकडे, एक तिसऱ्याकडे. दुसऱ्याचा बाण तिसऱ्याकडे. पहिल्याचा चौथ्याकडे, कारण V ज्या तुकडे न पडणाऱ्या समीकरणाचे मूळ आहे त्याचे दुसरे मूळ घेतले तरी सूत्र लागू पडते, हे चौथ्यात सांगताना पहिला वापरलेला आहे. आणि तिसरा-चौथा मिळून पहिल्या मोठ्या प्रमेयाकडे, जेथे समीकरणाचा 'गट' प्रथम येतो. सगळे बाण खालच्या दिशेनेच जातात, एकही उलटा फिरत नाही. गाल्वाचा क्रम शाबूत होता.

सगळीकडेच इतके बरे नव्हते. दुसऱ्या प्रमेयाजवळ समासात त्याच्याच हातची नोंद आहे, की या सिद्धतेत काही भर घालायची आहे, पण आपल्याजवळ वेळ नाही. आणि 'गट' हा शब्द तो दोन अर्थांनी वापरतो, कधी अक्षरांच्या मांडण्यांचा गट, कधी एका मांडणीवरून दुसरीवर नेणाऱ्या अदलाबदलींचा. जो विषय जाणतो त्याला संदर्भावरून कळते. पण १८३१ मध्ये तो विषय जाणणारा माणूस जगात एकच होता.

पुढचे काम इतरांनी केले, आणि त्याला चाळीस वर्षे लागली. ल्यूव्हिलने कागद मिळवून अभ्यासले, सप्टेंबर १८४३ मध्ये अकादमीला सांगितले की निष्कर्ष बरोबर आहे, आणि १८४६ मध्ये आपल्या नियतकालिकात ते छापले. अति थोडक्यात लिहिण्याचा हव्यास हे दुर्बोधतेचे कारण, असे त्याचे मत होते. तो विस्तृत टीका लिहिणार होता, ती कधी छापली गेली नाही. इटलीत बेत्तीने १८५२ च्या सुमारास बरीच भोके बुजवली. आणि १८७० मध्ये कामिय झॉर्दांचा अदलाबदली व समीकरणे यांवरचा जाडजूड ग्रंथ आला, त्यात गट म्हणजे अदलाबदलींचा असा संच, की त्यातल्या कोणत्याही दोन एकापाठोपाठ केल्या तर येणारी तिसरीही त्यातच असते, हे आरंभीच सांगून मग पायरी-पायरीने सगळे उभे केले. गाल्वाची काही पाने तेथे शेकडो पाने झाली. आज मूळ हस्तलिखित वाचायचे तर पीटर न्यूमन यांनी २०११ मध्ये फ्रेंच व इंग्रजी समोरासमोर छापलेली आवृत्ती आहे. खाडाखोड आणि समासातल्या नोंदीही तीत दिल्या आहेत.

प्वासाँच्या टिपेचा निवाडा माझ्यापुरता असा. सिद्धता पुरेशी नाही, हे त्याचे म्हणणे खरे होते. एक ओळ कमी होती. पण ती ओळ तो स्वतः भरू शकला असता, आणि लाग्रांजचे कलम शोधण्याऐवजी तीच भरली असती तर गाल्वाची वाट लाग्रांजहून वेगळी आहे हे त्याच्या कदाचित ध्यानात आले असते. गाल्वानेही १८३० ची सिद्धता जशीच्या तशी उतरवली, एक वाक्य वाढवले नाही. असो.

माझा विद्यार्थी ते टिपण आमच्याकडेच दोन दिवस घेऊन बसला. त्याने पाठकोऱ्या कागदांवर आपल्या सतरा पानांचे बाण काढले. एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या अटींखाली सिद्ध केलेली निघाली. ती एकत्र करायला सोपी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गप्प होता. सहाव्या पानावरचे विधान अकराव्या पानावरच्या विधानावर टेकलेले होते, आणि अकरावे, दोन मधल्या पायऱ्यांनी, पुन्हा सहाव्यावर. बाणांचे रिंगण झाले होते. 'वर म्हटल्याप्रमाणे' या शब्दांनी ते इतके दिवस झाकले गेले होते.

"म्हणजे सर, बरोबर नव्हतंच," तो म्हणाला.

"सहावं विधान खोटं आहे का?"

"तसं नाही. पण सिद्ध झालेलं नाही."

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. रिंगण तोडण्यासाठी त्याला सहाव्या विधानात एक जादा अट घालावी लागली, त्यामुळे मुख्य प्रमेय पूर्वीपेक्षा थोड्या कमी समीकरणांना लागू पडते. नवे लिखाण बावीस पानांचे झाले आहे, चार व्याख्या, सात लेमा, दोन प्रमेये. गाईडनी ते एका बैठकीत वाचले आणि तिसऱ्या पानावर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहून परत दिले. ती जादा अट खरोखर लागते का, हा तो प्रश्न.